फाटकाबाहेरची दहा मिनिटं

शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी फाटकाबाहेर गर्दी जमू लागते. कुणी स्वयंपाक अर्धा टाकून आलेली अम्मी, कुणी दुकान नोकरावर सोडून आलेले अब्बू, भिंतीला टेकून बसलेली एखादी दादी आणि त्यांच्यातच शेजारच्या गल्लीतल्या ताई-वहिनी. आम्ही शिक्षक आतून हे रोज पाहतो.

बुखारी शरीफमधली एक हदीस आम्हाला इथे नेहमी आठवते. वाटेवर बसू नका, असं प्रेषितांनी (स.) सांगितलं, तेव्हा सहाबांनी अर्ज केला की, आमचं बोलणंचालणं तिथेच होतं, त्याशिवाय इलाज नाही. मग बसायचंच असेल तर वाटेचा हक्क द्या, असं फर्मावलं गेलं. नजर खाली ठेवणं, कुणाला त्रास न देणं, सलामचं उत्तर देणं, भल्याची ताकीद करणं आणि वाईटापासून रोखणं, हा तो हक्क.

आमच्या फाटकावर त्रास होतो तो मुख्यतः स्कूटरमुळे. ती तोंडाशीच आडवी लावून गप्पा सुरू होतात. घंटा झाली की पहिली-दुसरीची पोरं आधी सुटतात आणि थेट हँडलवर आदळतात. गाडी भिंतीकडे लावली तर गप्पांचं काही बिघडत नाही!

सलाम आधी कुणी करायचा? चालत येणाऱ्याने बसलेल्याला आणि थोड्यांनी जास्तांना. म्हणजे उशिरा येणाऱ्याने. घोळक्यात इतर धर्मांचे लोक असले तर बायका चाचरतात. पण मुस्लिम आणि इतर लोक एकत्र बसलेल्या मजलिसीवरून जाताना प्रेषितांनी (स.) सलाम केला, हेही हदीसमध्ये आहे. सलाम करावा आणि ताईंकडे वळून "काय ताई, आज लवकर?" असंही विचारावं.

नियम असा असला तरी नवीन माणूस बुजतो. जूनमध्ये बाहेरगावाहून आलेली एक बाई आठवडाभर लिंबाखाली एकटीच उभी असायची. शेवटी एका खालांनीच उठून सलाम केला आणि पोरगा कितवीत, म्हणून विचारलं. बोलता बोलता निघालं की मागच्या शाळेच्या दाखल्यावर मुलाचं नाव एक आणि आधार कार्डावर दुसरं. खाला म्हणाल्या, "बेटा, आत्ताच दुरुस्त करून घे. शाळा सुटल्यावर फार फिरावं लागतं, माझ्या थोरल्याचं तसंच झालं." दुसऱ्या दिवशी ती जन्मदाखला आणि अर्ज घेऊन मुख्याध्यापकांसमोर हजर. वर्गात आम्ही सूचना वाचून दाखवली होती, पण पोरगं घरी सांगेल तर ना!

एक गोष्ट मात्र फाटकावर नको. पेपर मिळाल्या दिवशी "तुझ्याला किती, माझ्याला किती" सुरू होतं आणि कमी गुण मिळालेलं पोर आईचा पदर धरून खाली बघत उभं असतं. अशा वेळी एखाद्या अम्मीने "चल, रिक्षा आली" म्हणत विषय तोडलेला आम्ही पाहिला आहे. रिक्षा कुठेच नसते.