हुकूम कुणाचा, हे पीएलसी विचारत नाही

अलिक्विपा हे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं छोटं शहर. 25 नोव्हेंबर 2023 रोजी तिथल्या पाणीपुरवठ्याच्या एका बूस्टर केंद्रातला पीएलसी, म्हणजे पाण्याचा दाब सांभाळणारा छोटा संगणक, हॅकरांच्या हाती गेला आणि पडद्यावर त्यांचा निरोप झळकला. कर्मचाऱ्यांनी यंत्रणा हाताने चालवली, त्यामुळे पाणी थांबलं नाही. घुसखोरांना फार विद्या लागली नसावी. हल्ला झालेले असे पीएलसी थेट इंटरनेटला जोडलेले होते आणि कंपनीने दिलेला 1111 हा पासवर्ड बहुधा तसाच होता, असं अमेरिकी सरकारी यंत्रणेने नंतर सांगितलं.

पासवर्ड बदलायलाच हवा, पण तेवढ्याने भागत नाही. कारखान्यांत सर्रास चालणारी मॉडबस ही पद्धत 1979 सालची. तिच्या नेहमीच्या रूपात पासवर्डच नाही. नेटवर्कवर 502 नंबरच्या पोर्टवर हुकूम आला की पीएलसी तो मुकाट्याने पाळतो. विचारपूस त्याच्या आधीच कुणीतरी करायला हवी.

ते काम जंप होस्टचं. समजा, ड्रायरचं तापमान बदलायला मशीन कंपनीचा इंजिनिअर बाहेरगावाहून जोडला जाणार आहे. तो आधी ऑफिस आणि शॉपफ्लोअर यांच्या मधल्या वेगळ्या नेटवर्कवरच्या एका संगणकावर येतो. तिथे पासवर्ड आणि मोबाइलवरचा कोड, दोन्ही द्यावे लागतात. त्याचं खातं कामापुरतंच, म्हणजे दुपारी दोन ते चार, उघडं असतं आणि पडद्याचं रेकॉर्डिंग चालू राहतं. प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअरही तिथेच असतं, त्यामुळे त्याचा लॅपटॉप पीएलसीपर्यंत पोचतच नाही. बाहेरून पीएलसीकडे जायला फायरवॉल या एकाच संगणकाला वाट देते.

पण शॉपफ्लोअरच्या आतूनच कुणी हुकूम सोडला तर? त्यासाठी स्विचच्या मिरर पोर्टवर वाहतुकीची प्रत घेऊन ती नुसती वाचायची. नुसती वाचायची, कारण स्कॅनरने प्रश्न विचारू लागलं तर जुना पीएलसी अडकून लाइन बंद पडू शकते. मॉडबसमध्ये 3 हा आकडा रजिस्टर वाचण्याचा, 6 आणि 16 लिहिण्याचे. ऑपरेटरचा पडदा दिवसभर 3 पाठवतो. रात्री अडीच वाजता अनोळखी पत्त्यावरून 6 आला आणि तापमानाचं रजिस्टर 80 वरून 140 झालं, तर सुपरवायझरला फोन गेलाच पाहिजे. हुकूम जंप होस्टवरून आला असेल, तरी त्या वेळेचं वर्क परमिट आहे का ते पाहायचं.

ही नजर हुकूम थांबवत नाही, फक्त कळवते. जादा तापमानाला हीटर तोडणारा स्वतंत्र कटआउट म्हणूनच काढायचा नसतो. शिवाय स्विचवरून न जाणारं तिला दिसतही नाही. सर्व्हिसच्या सोयीसाठी कुणी पॅनेलमध्ये सिमकार्डचा राउटर बसवून थेट पीएलसीला जोडला असेल, तर जंप होस्ट आणि मिरर पोर्ट दोन्ही निरुपयोगी. तेव्हा नवं काही विकत घेण्याआधी प्रत्येक पॅनेल उघडून असा राउटर शोधा.