खोडव्याचे पाचट: जाळायचे की सरीत कुजवायचे?

ऊसतोड झाल्यावर एकरी साधारण 3 ते 4 टन पाचट रानात उरते. ते पेटवले की तासाभरात रान मोकळे होते आणि खर्च जवळजवळ नसतो. शेतकरी पाचट पेटवतो त्यामागे हा सरळ हिशेब आहे. पण आगीत सेंद्रिय कर्ब, गंधक आणि बहुतेक सगळा नत्र धुराबरोबर निघून जातो. पालाश मात्र बराचसा राखेत राहतो, म्हणून ‘राखेने खोडवा चांगला येतो’ हा समज निम्मा खरा आहे. आगीच्या धगीने बुडख्यांवरचे डोळे भाजतात आणि खोडवा विरळ फुटतो, हे नुकसान वेगळेच.

पाचट ठेवायचे तर तोडणीनंतर लगेच बुडख्यांवरचे पाचट सरीत ओढावे. बुडखे झाकलेले राहिले तर कोंब दबतात. मग धारदार कोयत्याने बुडखे जमिनीलगत छाटावेत, म्हणजे फूट जमिनीखालच्या डोळ्यांतून जोमदार येते. सरीतल्या पाचटावर एकरी सुमारे 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारे जीवाणू पसरून पाणी द्यावे. पाचट ओले करून पायाने दाबले की ते मातीला चिकटते आणि कुजू लागते.

इथला युरिया वगळणे ही नेहमीची चूक. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडा असतो. त्यामुळे ते कुजवणारे जीवाणू जमिनीतलाच नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. दोष मग पाचटाला दिला जातो. पिकाचे नेहमीचे खत पाचटावर न फेकता बुडख्यापासून वीतभर अंतरावर पहारीने भोक घेऊन द्यावे.

खर्चाचे एक उदाहरण घेऊ. 400 रुपये रोजाने तीन मजूर धरले तर 1,200 रुपये होतात. त्यात खते आणि जीवाणू धरून एकरी खर्च दोन-अडीच हजारांच्या घरात जातो. चार टन पाचटातला नत्र 16 ते 20 किलो, म्हणजे जेमतेम युरियाची एक गोणी. तिची किंमत सुमारे 270 रुपये. केवळ खताच्या पैशांत पाहिले तर सौदा तोट्याचा दिसतो. खरी बचत तणात आणि पाण्यात आहे. झाकलेल्या सरीत तण फार उगवत नाही, त्यामुळे पाच मजुरांची एक खुरपणी वाचली तरी 2,000 रुपये राहतात. ओल टिकल्याने उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्यांतले अंतरही वाढवता येते. जमिनीतला कर्ब मात्र एका हंगामात डोळ्यांना दिसेल इतका वाढत नाही. त्यासाठी दरवर्षी पाचट ठेवावे लागते.

निचरा नसलेल्या चिबड रानात ही पद्धत त्रासाची ठरते. हुमणी किंवा रोगाने पोखरलेल्या उसाचा तर खोडवाच ठेवू नये. शेजारच्या रानात पाचट पेटवले जात असेल तर बांधालगतचा पट्टा मोकळा आणि ओला ठेवावा, कारण वाळलेल्या पाचटाला ठिणगीही पुरते.