भुवयांवरचा ‘का’

‘जेवलीस का?’ हे मराठी घरातलं मायेचं सर्वांत नेहमीचं वाक्य असावं. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं आपण नाटक-सिनेमात जास्त ऐकतो, स्वयंपाकघरात जवळजवळ नाहीच. कर्णबधिर घरांतही हे वेगळं नाही. तिथेही उशिरा घरी आलेल्या मुलीला आई हेच विचारते, फक्त हातांनी. आणि हे साधं वाक्य कागदावर उतरवायला गेलं, की भारतीय सांकेतिक भाषेची सगळी अडचण समोर येते.

वाक्याला तीन खुणा लागतात. मुलीकडे बोट दाखवलं की ‘तू’. बोटांची टोकं जुळवून हात घास घेतल्यासारखा तोंडाकडे नेला की ‘जेवण’. शेवटी काम पुरं झाल्याची एक छोटी, झटक्याची खूण. कागदावर लिहायचं तर ‘तू – जेवण – झालं’. आता या तीन खुणा आईने निर्विकार चेहऱ्याने केल्या, तर अर्थ होतो ‘तू जेवलीस’, म्हणजे साधं विधान. त्याच खुणा, त्याच क्रमाने, पण भुवया वर, डोळे मोठे आणि डोकं किंचित पुढे झुकलेलं, शेवटची खूण क्षणभर तशीच धरलेली, तर अर्थ होतो ‘तू जेवलीस का?’ हातांमध्ये काडीचाही फरक नाही. ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर मागणाऱ्या प्रश्नासाठी या भाषेत हाताची वेगळी खूणच नाही. मराठीतला ‘का’ जे काम करतो, ते इथे चेहरा आणि डोकं करतात.

ऐकू येणाऱ्या माणसाचा इथे हमखास गैरसमज होतो. आपल्याला वाटतं, हातांनी मजकूर सांगितला आणि चेहऱ्याने त्यात भावना भरली. बोलताना आपण असंच करतो, म्हणून तिथेही असंच असणार. तसं नाही. चेहऱ्याचा एक भाग भावनेचा असतो खरा, पण दुसरा भाग शुद्ध व्याकरणाचा असतो, आणि तो काढून टाकला तर वाक्य कोरडं होत नाही, ते दुसरंच वाक्य होतं. आईची चौकशी जाते आणि मागे उरते ‘तू जेवलीस’ अशी नोंद.

जर्मन भाषावैज्ञानिक उलरिके झेशान यांनी भारत आणि पाकिस्तानातल्या कर्णबधिरांच्या भाषेचं सविस्तर वर्णन 2000 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलं. दोन्हीकडे मिळून ही मुळात एकच भाषा आहे, शहरागणिक शब्द बदलतात पण व्याकरण फारसं बदलत नाही, असं त्यांचं मत. चेहऱ्याच्या व्याकरणाची त्यात पुष्कळ चर्चा आहे. ‘काय, कुठे, कधी, कोण’ या प्रश्नांचंच बघा. मराठीत यांतला प्रत्येक शब्द वेगळा. सांकेतिक भाषेत मात्र एकच सर्वसाधारण प्रश्नखूण आहे आणि ती वाक्याच्या शेवटी येते. तिच्याआधी ‘ठिकाण’ची खूण केली की ‘कुठे’, ‘वेळ’ची केली की ‘कधी’, ‘चेहरा’ची केली की ‘कोण’. या प्रश्नांतही भुवया वरच जातात, पण डोकं पुढे येत नाही. हनुवटी वर उचलली जाते आणि डोकं किंचित मागे जातं. गंमत अशी, की चेहरा आणि डोकं नीट ठेवलं असेल तर हाताची ती प्रश्नखूण गाळलीही जाते. म्हणजे ‘तू – जेवण – ठिकाण’ एवढंच हातांनी सांगून हनुवटी उचलली, तर समोरच्याला ‘कुठे जेवलीस?’ हे कळतं. कागदावर मात्र ‘तू जेवण ठिकाण’ असे तीन सुटे शब्द उरतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणाऱ्याला भाषा येत नाही.

यूट्यूबवर अमेरिकन चित्रफिती बघून शिकणाऱ्यांची इथे फसगत होऊ शकते. अमेरिकन सांकेतिक भाषा ही वेगळी भाषा आहे, आणि तिथे ‘काय-कुठे’ विचारताना भुवया वर जात नाहीत, त्या खाली येऊन आक्रसतात. ही सवय इथे आणली, तर प्रेमाने विचारलेला प्रश्न कपाळावर आठ्या घेऊन समोर येईल.

प्रेमाच्या सर्वांत प्रसिद्ध खुणेचंही मूळ तिकडचंच. अंगठा, तर्जनी आणि करंगळी उघडी ठेवून बाकीची दोन बोटं मिटलेला हात आज भारतीय कर्णबधिरही फोटोत दाखवतात. ही अमेरिकन एकहाती मुळाक्षरांची जोडणी आहे: करंगळीचा ‘आय’, तर्जनी-अंगठ्याचा ‘एल’, करंगळी-अंगठ्याचा ‘वाय’, तिन्ही एकाच हातात. भारतातली इंग्रजी मुळाक्षरं मात्र ब्रिटिश वळणाची, दोन हातांची आहेत. इथे ‘आय’ दाखवायला दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाला स्पर्श करतात. त्यामुळे ती अक्षरं एका हातात मावण्याचा प्रश्नच नाही. ती खूण आपल्याकडे आयती आली आणि रुळली. पोस्टरवर छापायला सोपी आहे, कारण तिला चेहरा लागत नाही. माझ्या मते तिचा खप होण्याचं खरं कारण हेच.

खरी माया तशी छापता येत नाही. तिची सुरुवातच नजरेपासून होते. ऐकू येणारी माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून ‘हं, जेवलीस का’ असं विचारू शकतात. खुणांनी बोलताना ती सोय नाही. समोरच्याने बघितल्याशिवाय वाक्य सुरूच करता येत नाही. खांद्यावर हलकेच थोपटायचं, किंवा लांबून हात हलवायचा, नजर मिळाली की मग बोलायचं. प्रेम, राग, काळजी यांच्या खुणा बऱ्याचदा छातीशी, अंगाला धरून होतात. ‘देणं’ किंवा ‘मदत करणं’ यांसारखी खूण एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकते, त्यामुळे कोणी कोणाला हे तिच्या दिशेवरूनच कळतं. छातीशी राहणाऱ्या खुणेला ती दिशा नसते, मग कोणावर प्रेम आहे हे बोटाने आणि नजरेने सांगावं लागतं.

मग व्याकरणाच्या भुवया आणि मनातल्या भुवया वेगळ्या कशा ओळखायच्या? आश्चर्य वाटलं तरी भुवया वर जातात आणि प्रश्न विचारला तरी वर जातात. ओळखायची जागा म्हणजे वेळ. व्याकरणाची भुवई वाक्याच्या ठरावीक खुणेबरोबर झटकन वर जाते, वाक्य संपेपर्यंत तिथे राहते आणि संपताच उतरते. भावनेची भुवई हळूहळू चढते, मधेच कमीजास्त होते, वाक्य संपल्यावरही थोडी रेंगाळते. आईच्या ‘जेवलीस का’मध्ये दोन्ही एकदम असतात: प्रश्नाची उचललेली भुवई, आणि त्याच्या आधीपासून सुरू होऊन उत्तरानंतरही राहिलेली मऊ नजर. अमेरिकेत मेंदूला इजा झालेल्या कर्णबधिरांचा अभ्यास झाला, त्यात हे वेगळेपण आणखी स्पष्ट दिसलं. डाव्या मेंदूला इजा झालेल्यांच्या चेहऱ्यावर भावना उमटत होती, पण व्याकरणाचे हावभाव गळत होते. उजव्या मेंदूला इजा झालेल्यांमध्ये साधारण याच्या उलट आढळलं. एकाच चेहऱ्यावरच्या या हालचालींचा कारभार मेंदूत दोन ठिकाणांहून चालतो.

हे सगळं लिहून ठेवण्याचे प्रयत्न अर्थातच झाले. विल्यम स्टोकी यांनी 1960 मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेसाठी चिन्हपद्धती मांडली, तेव्हा तिच्यात हाताचा आकार, जागा आणि हालचाल होती. चेहऱ्याला जागा नव्हती. सांकेतिक भाषा ही खरीखुरी भाषा आहे हे जगाला पटवायचं मोठं काम त्यांनी केलं, पण हातांपलीकडचं पुष्कळ काही त्या चिन्हांच्या बाहेर राहिलं. पुढच्या अभ्यासकांनी एक साधी युक्ती काढली. खुणांचे शब्द ओळीत लिहायचे आणि चेहऱ्याचा हावभाव जिथे सुरू होतो तिथून जिथे संपतो तिथपर्यंत वर रेघ ओढायची. आपल्या वाक्यात ‘तू – जेवण – झालं’ या तिन्ही शब्दांवर एक रेघ आणि टोकाला ‘प्रश्न’ असं लिहिलं, की व्याकरण वाचतं. पण ती रेघ सरळ असते. भुवई किती उचलली, आई हसत होती की काळजीत, हे रेघेत येत नाही. भावनेसाठी दुसरी रेघ ओढावी म्हटलं, तर ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हेच सांगता येत नाही.

व्हॅलरी सटन यांनी 1974 पासून विकसित केलेली ‘साइनरायटिंग’ ही पद्धत या बाबतीत पुढे आहे. नृत्य लिहून ठेवण्याच्या त्यांच्या आधीच्या पद्धतीतून ती निघाली. तिच्यात डोकं म्हणजे एक वर्तुळ, आणि त्या वर्तुळात भुवया, डोळे, गाल, ओठ यांची चिन्हं बसतात. 2015 मध्ये ही चिन्हं युनिकोडमध्येही आली. प्रश्नाची उचललेली भुवई तिथे रेघेइतक्याच सहज काढता येते. पण आपल्याकडे ती रोजच्या वापरात नाही, कोणी कोणाला तिच्यात पत्र लिहीत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने 2021 मध्ये दहा हजार नोंदींचा शब्दकोश काढला, तोसुद्धा चित्रफितींचा. कर्णबधिर तरुणांनीही आपला निर्णय केव्हाच घेतला आहे: महत्त्वाचं बोलायचं असेल तर ते टाइप करत नाहीत, व्हिडिओ पाठवतात.

तरीही कर्णबधिर आणि ऐकू येणाऱ्या नातेवाइकांमध्ये टाइप केलेले संदेश चालतातच, आणि तिथे तुटक वाक्यं वाचून मन दुखावतं. ‘तू जेवण झालं’ असा संदेश आला तर तो आज्ञा किंवा टोमणा समजू नका. लिहिणाऱ्याने तीन खुणा लिहिल्या आहेत, भुवया फोनवर टाइप होत नाहीत म्हणून राहिल्या आहेत. उत्तर देताना आपला ‘का’ आणि प्रश्नचिन्ह गाळू नका. आणि शक्य असेल तेव्हा व्हिडिओ कॉलच करा. फोन हातात न धरता कशाला तरी टेकवून ठेवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. डोक्यापासून कमरेपर्यंत सगळं चौकटीत येऊ द्या. आणि खिडकीकडे पाठ करून बसू नका, उजेड चेहऱ्यावर पडायला हवा.