निवृत्ती ते सत्तरी : आरोग्यविम्याची मधली वर्षे

खाजगी कारखान्यात, पेढीत किंवा विनाअनुदानित शाळेत नोकरी करणाऱ्या अनेकांच्या दवाखान्याच्या खर्चाची सोय मालकाने काढलेल्या गट विम्यातून होत असते. हा विमा सामान्यतः नोकरीबरोबरच संपतो. दुसरीकडे, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेखाली 70 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान वय वंदना कार्ड दिले जाते. त्यावर कुटुंबास वर्षाकाठी 5 लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळू शकतात. ज्यांची कुटुंबे याआधीच या योजनेत समाविष्ट आहेत, त्यांना मधल्या काळाची चिंता नाही. इतरांना मात्र ही वर्षे स्वतःच्या विम्यावर काढावी लागतात.

उदाहरणादाखल, इंदूर येथील कारखान्यातील एक लेखनिक 31 मार्च 2026 रोजी 58 व्या वर्षी निवृत्त झाले, असे समजू. त्यांना मधुमेह आहे. त्यांची पत्नी 55 वर्षांची असून तिचे गुडघे दुखतात. कारखान्याच्या 3 लाखांच्या गट विम्यात दोघांचेही जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले होते. वय वंदना कार्ड त्यांना 2038 साली मिळेल. म्हणजे 12 वर्षांची सोय त्यांनी स्वतः करावयाची आहे.

येथे मुख्य अडचण हप्त्याची नसून प्रतीक्षाकाळाची आहे. वैयक्तिक विमापत्र नव्याने घेतल्यास, आधीपासून असलेल्या आजारावरील खर्च कंपनी 36 महिन्यांपर्यंत नाकारू शकते. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांनी ही कमाल मर्यादा 48 वरून 36 महिन्यांवर आणली. मोतीबिंदू, हर्निया, सांधेबदल अशा ठरावीक उपचारांसाठीही स्वतंत्र प्रतीक्षाकाळ असतो. आपल्या लेखनिकांनी तीन महिने विचारात घालवून 1 जुलै 2026 रोजी विमा घेतला, तर मधुमेहातून उद्भवलेल्या आजाराचा खर्च त्यांना 30 जून 2029 पर्यंत पदरचाच करावा लागण्याचा संभव आहे. हप्ता मात्र पहिल्या दिवसापासून भरावा लागेल.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, नोकरीत असतानाच वयाच्या 54-55 व्या वर्षी स्वतःचे वेगळे विमापत्र घेणे. त्यामुळे प्रतीक्षाकाळ गट विम्याच्या छत्राखाली सरून जातो. दुसरा, निवृत्तीपूर्वी गट विम्याच्याच कंपनीकडे वैयक्तिक विमापत्रात स्थलांतर मागणे. असे केल्यास गट विम्यात काढलेली वर्षे प्रतीक्षाकाळातून वजा होतात. परंतु ती जुन्या रकमेपुरतीच. 3 लाखांऐवजी 5 लाखांचा विमा घेतल्यास वाढीव 2 लाखांना नवा प्रतीक्षाकाळ लागू होतो. शिवाय कंपनी वय व प्रकृती पाहून हप्ता व अटी ठरविते. यास्तव शेवटच्या दिवसाची वाट न पाहता दोन-तीन महिने आधी लेखी अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी आणि गट विम्यात किती वर्षे होतो याचा दाखला कार्यालयाकडून मागून ठेवावा.

अर्जात मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया यांपैकी काहीही लपवू नये. सलग 60 महिने विमा चालू राहिल्यानंतर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दडविल्याच्या कारणावरून कंपनीस दावा नाकारता येत नाही. तत्पूर्वी मात्र येतो. वार्षिक हप्ता मुदतीत न भरल्यास 30 दिवसांची सवलत असते. त्या दिवसांत नूतनीकरण केल्यास जुनी वर्षे वाया जात नाहीत. पण खंड पडलेल्या दिवसांतील आजाराचा खर्च मिळत नाही.

कर्मचारी राज्य विमा योजनेतील किमान 5 वर्षांच्या नोकरीनंतर वयोमर्यादेने निवृत्त झालेल्यांना अल्प वार्षिक वर्गणीत स्वतःसाठी व पत्नी किंवा पतीसाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. अशांनी प्रथम आपल्या शाखा कार्यालयात चौकशी करावी.

शेवटी, 2038 साली एक चूक होण्याचा संभव आहे. लेखनिकांना कार्ड मिळाले म्हणून घरातील विमा बंद केला, तर पत्नी उघडी पडेल. कारण वय वंदना कार्ड 70 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीपुरतेच असते आणि तिची सत्तरी 2041 साली येते. तिचा विमा ती तीन वर्षे अखंड चालू ठेवावा. कार्डासाठी वय आधारवरून धरले जाते. त्यातील जन्मतारीख चुकीची असल्यास ती आताच दुरुस्त करून घ्यावी.