शेरिलचा वाढदिवस : न कळण्यातून कळलेली तारीख

एप्रिल 2015मध्ये सिंगापूरमधला टीव्ही निवेदक केनेथ काँग याने फेसबुकवर एका गणिताच्या प्रश्नाचा फोटो टाकला. बघता बघता तो प्रश्न जगभर फिरला. हा प्रश्न पाचवीच्या, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांना घातला होता असा आधी समज झाला आणि पालकांचे धाबे दणाणले. प्रत्यक्षात तो चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या गणित ऑलिंपियाडमधला होता, आणि तिथेही हुशार मुलांमधली अधिक हुशार निवडण्यासाठी मुद्दाम ठेवलेला.

कोडे असे. अल्बर्ट आणि बर्नार्ड यांची शेरिलशी नुकतीच मैत्री झाली आहे. तिचा वाढदिवस कधी, असे ते विचारतात. ती सरळ उत्तर न देता दहा तारखा पुढे ठेवते :

मे : 15, 16, 19
जून : 17, 18
जुलै : 14, 16
ऑगस्ट : 14, 15, 17

मग ती अल्बर्टच्या कानात फक्त महिना सांगते आणि बर्नार्डच्या कानात फक्त दिवसाचा आकडा. कोणाला काय सांगितले आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. त्यानंतर एवढेच संभाषण होते :

अल्बर्ट : शेरिलचा वाढदिवस कधी ते मला माहीत नाही, पण बर्नार्डलाही ते माहीत नाही हे मला माहीत आहे.
बर्नार्ड : आधी मला माहीत नव्हते, पण आता कळले.
अल्बर्ट : मग मलाही कळले.

वाढदिवस कधी?

पहिल्या वाक्याचा पूर्वार्ध निरुपयोगी आहे. प्रत्येक महिन्यात निदान दोन तारखा आहेत, त्यामुळे नुसत्या महिन्यावरून अल्बर्टला उत्तर कळणे शक्यच नव्हते. सगळी माहिती आहे ती उत्तरार्धात. बर्नार्डला पहिल्या फटक्यात उत्तर कधी कळले असते? त्याचा आकडा यादीत एकदाच आला असता तर. असे आकडे दोनच आहेत : 18 फक्त जूनमध्ये आणि 19 फक्त मेमध्ये. बाकी प्रत्येक आकडा दोन-दोन महिन्यांत आहे.

आता अल्बर्टच्या जागी बसून पाहू. त्याच्या कानात ‘मे’ हा शब्द पडला असता, तर बर्नार्डकडे 19 असेल आणि त्याला एव्हाना सगळे कळलेही असेल, ही शंका त्याला राहिली असती. जून असता तर हीच शंका 18बद्दल. पण तो छातीठोकपणे म्हणतो की बर्नार्डला माहीत नाही. म्हणजे त्याचा महिना मेही नाही आणि जूनही नाही. बहुतेक लोक अडखळतात ते इथे. ते 18 जून आणि 19 मे या दोनच तारखांवर काट मारतात आणि पुढे जातात. काट मारायची असते ती अख्ख्या महिन्यांवर, कारण अल्बर्टला आकडा ठाऊकच नाही. त्याची खात्री असू शकते ती महिन्याच्या जोरावरच.

उरल्या पाच तारखा : 14 आणि 16 जुलै, 14, 15 आणि 17 ऑगस्ट. बर्नार्डनेही हा सगळा विचार केला आहे आणि तो म्हणतो, आता कळले. त्याच्याकडे 14 असता तर जुलै की ऑगस्ट हा घोळ कायम राहिला असता. म्हणून दोन्ही 14 बाद. उरल्या तीन : 16 जुलै, 15 ऑगस्ट, 17 ऑगस्ट. शेवटी अल्बर्टलाही कळते. ऑगस्ट असता तर 15 की 17 हे त्याला ठरवता आले नसते. म्हणून उत्तर 16 जुलै.

उत्तर निघाले तरी ताळा करून पाहावा. 16 जुलै धरून संभाषण पुन्हा चालवू. अल्बर्टकडे जुलै आहे, म्हणजे बर्नार्डकडे 14 किंवा 16. दोन्ही आकडे दुसऱ्या महिन्यांतही आहेत, तेव्हा पहिले वाक्य तो बिनधास्त बोलू शकतो. बर्नार्डकडे 16 आहे, त्याच्यासमोर मे की जुलै हा प्रश्न होता. मे गेल्यावर तो सुटला. अल्बर्टला दिसते की 14 असता तर बर्नार्ड अडकला असता, म्हणून 16. तिन्ही वाक्ये खरी ठरली.

त्या वेळी बऱ्याच जणांनी 17 ऑगस्ट हे उत्तर हिरिरीने मांडले होते. ते अगदीच हवेतले नव्हते. त्यांनी पहिले वाक्य वेगळ्या अर्थाने वाचले. बर्नार्डला माहीत नाही हे अल्बर्टने तर्काने ताडलेले नसून बर्नार्डने आधीच कबूल केले होते, असे त्यांनी धरले. तसे असेल तर 18 आणि 19 हे आकडे बाद होतात, पण मे महिना शिल्लक राहतो. जूनमध्ये मात्र 17 ही एकच तारीख उरते. तरीही अल्बर्टला माहीत नाही, म्हणून जून गेला. आता 17 हा आकडा फक्त ऑगस्टमध्ये राहिला. बर्नार्डला कळले ते त्यावरून, आणि त्याच्या मागोमाग अल्बर्टलाही.

तर्क निर्दोष आहे, पण तो दुसऱ्या कोड्याचा आहे. शेरिलच्या कोड्यात अल्बर्टच्या आधी कोणी बोललेलेच नाही, तेव्हा त्याची माहिती फक्त महिन्यावरून आलेली असणार. या कोड्यात 17 ऑगस्टचा ताळा केला तर पहिली दोन वाक्ये बरोबर बसतात आणि तिसऱ्यावर गाडी अडते. बर्नार्डकडे 15 असो वा 17, दोन्ही वेळा तो ‘आता कळले’ असेच म्हणाला असता. मग ऑगस्ट हातात असलेला अल्बर्ट ‘मलाही कळले’ कोणत्या आधारावर म्हणेल?

या साऱ्यामागे काही गृहीते आहेत. दोघेही खरे बोलतात, तर्कात चुकत नाहीत, आणि समोरचाही चुकत नाही याची दोघांना खात्री आहे. बर्नार्ड अंदाजपंचे ‘कळले’ म्हणाला असता, तर सगळा डोलारा कोसळला असता. या जातीच्या कोड्यांत गाजलेले एक डच गणितज्ञ हान्स फ्रॉइडेंटाल यांनी 1969मध्ये छापले होते. त्यात एकाला दोन संख्यांची बेरीज कळते आणि दुसऱ्याला गुणाकार. दोघेही ‘मला माहीत नाही’ म्हणत म्हणत उत्तराशी पोचतात. मार्टिन गार्डनर यांनी 1979मध्ये आपल्या सदरात त्याचा एक अवतार ‘अशक्य’ म्हणून मांडला.

असे कोडे स्वतः रचायला बसले की यादीचे महत्त्व कळते. 15 ऑगस्ट ही तारीख पाहा. ती उत्तर नाही, म्हणून यादीतून सहज वगळता येईल असे वाटते. वगळून बघा. मे आणि जून पहिल्यासारखेच जातात, दोन्ही 14 जातात, आणि उरतात 16 जुलै व 17 ऑगस्ट. आता प्रत्येक महिन्यात एकच तारीख आहे, तेव्हा महिना कोणताही असला तरी अल्बर्ट ‘मलाही कळले’ म्हणू शकतो. अल्बर्ट आणि बर्नार्ड या दोघांनाही वाढदिवस कळेल, पण कोडे सोडवणाऱ्या वाचकाला कळणार नाही. त्याच्यासाठी दोन उत्तरे शिल्लक राहतील आणि कोडे फसेल.