लखनौच्या मुलीला ‘भारी’ म्हणू नये

समजा, मुलगा पुण्याचा आणि मुलगी लखनौची. नोकरीच्या निमित्ताने बंगळुरूत ओळख झाली, सूत जुळलं, आणि आता ती सुट्टीला घरी गेली आहे. तिने नव्या साडीतला फोटो पाठवला. ‘भारी दिसतेस!’ असं त्याच्या मनात आलं आणि त्याने ते तसंच हिंदीत लिहिलं, ‘भारी दिख रही हो!’ बऱ्याच वेळाने उत्तर आलं, ‘अच्छा? कितने किलो?’

‘भारी’ला मराठीत आणि मुंबईच्या हिंदीत कौतुकाचा अर्थ आहे. लखनौत तो आधी वजनाकडे जातो. मुलगी हजरजबाबी होती म्हणून निभावलं.

तमिळ मुलीला तिच्या भाषेत लिहायचं असतं, तर हाच मुलगा चार जणांना विचारून लिहिता झाला असता. हिंदीच्या बाबतीत तसं होत नाही. लिपी तीच, शाळेत शिकलेली, सिनेमातून कानावर पडलेली, त्यामुळे मराठी वाक्यातले शब्द बदलले की काम झालं असं वाटतं. नेमके ओळखीचे शब्दच दगा देतात. ‘चेष्टा’ म्हणजे हिंदीत प्रयत्न. त्यामुळे ‘मैं तो तुम्हारी चेष्टा कर रहा था’ या खुलाशाने गोंधळ वाढतोच. ‘राग आया क्या?’ विचारलं तर तिला गाण्यातला राग आठवेल. ‘किती गोड दिसतेस’चं ‘कितनी मीठी दिखती हो’ केलं, तर ते मिठाईबद्दल बोलल्यासारखं होतं. तिथे ‘बहुत प्यारी लग रही हो’ हवं. रूपाचं कौतुक हिंदीत बहुधा ‘लगना’ने होतं, हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ चुका टळतात.

शब्दांपेक्षा अवघड आहे ते संबोधन. मराठी प्रेमात ‘तू’ म्हणजे सरळ, रोजची जवळीक. हिंदीत तू, तुम आणि आप अशा तीन पायऱ्या आहेत. बहुतेक जोडपी ‘तुम’वर असतात, आणि लखनौच्या अनेक घरांत नवराबायकोही एकमेकांना ‘आप’ म्हणतात. तिथे ‘तू’ फार आतलं असतं, नाहीतर उर्मट. शिवाय पायरी बदलली की क्रियापदही बदलावं लागतं: तू आएगी, तुम आओगी, आप आएँगी. ‘तुम कब आएगी?’ असं लिहिलं की पायरीही डळमळते आणि लाडीगोडीही. रोज ‘तुम’ म्हणणारी मुलगी एकाएकी ‘आप’वर आली, तर ती चिडली तरी असते किंवा मुद्दाम अदबीचा आव आणून खोडी काढत असते. आधीचे दोन-तीन मेसेज पाहिले की कोणतं, ते बहुधा कळतं.

आता एक अख्खा मेसेज पाहू. मनातलं मराठी असं: ‘काय गं बाई, राग आला का? ये ना लवकर, तुझ्याशिवाय करमत नाही.’ शब्दाला शब्द ठेवला तर होतं, ‘क्या रे बाई, राग आया क्या? जल्दी आ ना, तेरे बिना करमता नहीं.’ यात ‘करमता’ हा शब्द तिला कळणार नाही. ‘आ ना’, ‘तेरे’ तिला ‘तू’च्या पायरीवर आणतात. आणि सगळ्यांत वाईट ‘बाई’. मराठीतली ही लडिवाळ हाक हिंदीत घरकाम करणाऱ्या बाईसाठी वापरतात, आणि लखनौत तर जुन्या कोठ्यांवरच्या गाणाऱ्या बायकांच्या नावांमागे हाच शब्द लागत असे. तोच भाव हिंदीत असा उतरेल: ‘क्यों जी, रूठ गईं क्या? जल्दी आ जाओ ना, तुम्हारे बिना मन नहीं लगता.’ रुसवा आला, आर्जव आलं, कुठे टोचलं नाही.

उलट बाजूनेही घोटाळा होतो. ती लिहिते, ‘हम आपसे बात नहीं करेंगे.’ मुलाला वाटतं, सगळं घरच रागावलं! लखनौकडे ‘हम’ म्हणजे पुष्कळदा ‘मी’च. लटका राग आहे हे ओळखून मनधरणी करायची, एवढंच.

म्हणून पहिले काही दिवस तिचे मेसेज नीट वाचावेत. ती कोणत्या पायरीवर बोलते, चिडवताना कोणते शब्द वापरते, ते उचलावेत. शब्दांच्या कोटीवर उभा असलेला विनोद हिंदीत नेऊ नये; तो मराठीतच सांगून अर्थ समजावला तर तिलाही चार मराठी शब्द मिळतात. टोमणा मारायचाच असेल तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवावा, कारण हसू लिखाणात दिसत नाही. आणि चूक झालीच तर लांबलचक सफाई न देता सरळ विचारावं, ‘तुम्हारे यहाँ इसे कैसे कहते हैं?’ तिने सांगितलेलं वाक्य पुढच्या वेळी जसंच्या तसं वापरावं.