बोल्टच्या भोकातली खसखस

मुलगा वसतिगृहातून सुट्टीला आला आणि त्याची बॅग आठवडाभर आमच्या पलंगाखाली पडून राहिली. महिन्याभरात सगळ्यांच्या अंगावर एका ओळीत गांधी उठू लागल्या. गादीच्या शिवणीवर काळे ठिपके दिसले, ओल्या फडक्याने पुसल्यावर ते तांबूस पसरले. ढेकूणच होते.

दुकानातून फवारा आणून मारला. चार रात्री शांत झोप लागली, दहाव्या दिवशी पुन्हा चावे. मग उशालगतची फळी खोलली, तेव्हा कारण सापडलं. बोल्टच्या भोकात खसखशीएवढी पांढरी अंडी चिकटलेली होती. मोठे ढेकूण मेले तरी अंडी बऱ्याचदा वाचतात आणि उकाड्यात आठ-दहा दिवसांत फुटतात. शिवाय अनेक ठिकाणचे ढेकूण आता नेहमीच्या फवाऱ्यांना दाद देत नाहीत.

उष्णतेपुढे मात्र अंडीही टिकत नाहीत. साधारण ५० अंशांच्या वर ती मरतात, पण तेवढी उष्णता फटीच्या आतपर्यंत पोचायला हवी. गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही ते यामुळेच. वरचं कापड तापतं आणि ढेकूण सावलीच्या बाजूला किंवा आत सरकतात.

आम्ही चादरी, अभ्रे खोलीतच पिशवीत बांधून नेले आणि ६० अंशांच्या पाण्यात धुतले. पलंग सुटा करून अंगणात नेला. सागवान भरीव असल्याने खाचांत आणि भोकांत उकळतं पाणी सावकाश ओतलं. प्लायवूड असतं तर फुगलं असतं, तिथे वाफच बरी. गादीचा गोट आणि प्रत्येक टाका जुन्या कार्डाने उलगडून कपड्यांच्या स्टीमरची वाफ अगदी हळू फिरवली. वाफेचा झोत जोराचा असला तर पिल्लं उडून दुसरीकडे जातात. वाफेने ओली झालेली गादी पूर्ण वाळवली आणि चेनच्या बंद खोळीत घातली. आत उरलेले ढेकूण तिथेच उपाशी मरतात, पण त्याला कित्येक महिने लागतात. म्हणून खोळ वर्षभर काढायची नाही.

पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवला, चादर जमिनीला टेकू दिली नाही. चारी पायांखाली गुळगुळीत प्लास्टिकच्या वाट्या ठेवून आत थोडी टाल्कम पावडर लावली. ढेकणाला अशा भिंतीवर चढता येत नाही. आम्ही झोपायची जागाही बदलली नाही. माणूस दुसऱ्या खोलीत गेला की ढेकूणही मागोमाग तिथे पोचतात.

वाफ आणि उकळत्या पाण्याचा हा सगळा खटाटोप आठ-आठ दिवसांनी तीनदा केला. दुसऱ्या खेपेला वाटीत दोन फिकट पिल्लं सापडली, तिसऱ्या खेपेनंतर एकही नाही. तरी दोन महिने रोज सकाळी वाट्या पाहत होतो.

एका शेजाऱ्यांनी धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या सुचवल्या होत्या. कृपा करून त्या घरात आणू नका. त्यांच्या वायूने झोपेतल्या झोपेत माणसं गेली आहेत, बंद दाराआडच्या शेजारघरातलीसुद्धा. रॉकेलही नको, एका ठिणगीने गादी पेटते. ढेकूण भिंतीच्या भेगांत किंवा विजेच्या बोर्डात शिरले असतील, तर परवानाधारक कीटकनाशकवाल्याला बोलवा आणि तो दुसऱ्यांदा कधी येणार हे आधीच विचारून घ्या.